कानात ग्रोमेट बसवण्याची शस्त्रक्रिया : पालकांसाठी माहिती

तुमच्या मुलाच्या कानात ग्रोमेट बसवायचं ठरलं आहे, किंवा त्याबद्दल बोलणं चालू आहे. हे पत्रक इथे बसल्या बसल्या वाचा आणि घरी घेऊन जा. घरी बाळाला तेल लावणारे, आंघोळ घालणारे, औषध पाजणारे जे कोणी असतील, त्यांनाही वाचायला द्या.

नेमकं काय बिघडलं आहे?

कानाच्या पडद्यामागे एक छोटी पोकळी असते, तिला मधला कान म्हणतात. ती हवेने भरलेली असली तरच पडदा नीट हलतो. ही हवा नाकाच्या मागून कानाकडे जाणाऱ्या एका बारीक नळीतून येते. लहान मुलांमध्ये ही नळी आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीने ती सुजते, किंवा नाकामागची ऍडेनॉइडची गाठ मोठी झाली की तिचं तोंड दबतं. मग हवा आत जात नाही आणि पोकळीत पाणी साठतं. पुढे तेच पाणी डिंकासारखं घट्ट होतं.

हे पाणी बाहेरून गेलेलं नसतं. पडदा फाटलेला नसेल तर आंघोळीचं पाणी त्याच्या पलीकडे जात नाही, त्यामुळे "आंघोळ घालताना माझ्याकडून चूक झाली का?" असं कोणत्याही आईने मनाला लावून घेऊ नये. कानाची नसही खराब झालेली नसते. पडदा हलत नाही, म्हणून आवाज दबका पोहोचतो.

मूल ठार बहिरं नसतं, त्यामुळे हा त्रास बरेच दिवस लक्षातच येत नाही. समोर बसून बोललं की ते उत्तर देतं. पंखा चालू असताना दुसऱ्या खोलीतून हाक मारली तर वळत नाही. टीव्हीचा आवाज वाढवतं, सारखं "काय?" विचारतं. वर्गातून "लक्ष देत नाही" अशी तक्रार येते. त्याला हट्टी ठरवण्याआधी कान तपासलेला बरा.

तीन महिने थांबायला का सांगितलं?

बऱ्याच मुलांचं पाणी तीन महिन्यांत आपोआप जिरतं. म्हणून आधी वाट पाहतो, मग ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी, आणि टिम्पॅनोमेट्री म्हणजे पडदा किती हलतो याची तपासणी पुन्हा करतो. टिम्पॅनोमेट्रीचा आलेख डोंगरासारखा वर न जाता सपाट आला, तर पडद्यामागे पाणी असण्याची शक्यता जास्त. तीन महिन्यांनंतरही दोन्ही कानांत पाणी आहे आणि चांगल्या कानालाही २५ ते ३० डेसिबलपेक्षा कमी आवाज ऐकू येत नाही, तर ग्रोमेटचा विचार करतो. पडदा आत ओढला जात असेल, वारंवार कान पिकत असेल किंवा मुलाचं बोलणं मागे पडलं असेल, तर इतकं थांबत नाही. टाळू फाटलेली असलेल्या आणि डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचा निर्णयही वेगळा घेतो.

सर्दीच्या गोळ्या, नाक मोकळं करणारी औषधं किंवा अँटिबायोटिकचा कोर्स यांनी हे पाणी जात नाही. मूल एरवी बरं असेल तर ती औषधं पुन्हा पुन्हा देऊ नका. घरात कोणी सिगारेट-विडी ओढत असेल तर ती घराबाहेर ठेवा, आणि बाळाला आडवं झोपवून बाटलीने दूध पाजू नका. या दोन गोष्टींचा मात्र खरोखर उपयोग होतो.

ग्रोमेट म्हणजे काय, आणि ते काय करतं?

दोऱ्याच्या रिकाम्या रिळासारखी, मधोमध भोक असलेली प्लास्टिकची बारीक नळी म्हणजे ग्रोमेट. आकार मोहरीच्या दाण्याएवढा. रिळाची एक कड पडद्याच्या आत आणि एक बाहेर राहते, म्हणून ती पडद्यात अडकून बसते. बाहेरून पाहिलं तर दिसत नाही, मुलाला टोचत नाही.

बऱ्याच पालकांना वाटतं की ग्रोमेट म्हणजे पाणी काढायची मोरी. पाणी शस्त्रक्रियेच्या वेळीच शोषून घेतलं जातं. ग्रोमेटचं खरं काम पुढचे काही महिने मधल्या कानात हवा पोहोचवणं. जे काम नाकाकडची नळी करत नाही, ते ग्रोमेट बाहेरच्या बाजूने करतं. तेवढ्यात मूल वाढतं आणि नळीही सुधारते.

पूर्ण भूल दिल्यावर मायक्रोस्कोपमधून पाहत पडद्याच्या पुढच्या-खालच्या भागात दोन-तीन मिलिमीटरची चीर देतात, पाणी ओढून घेतात आणि ग्रोमेट बसवतात. बाहेर टाका नाही, पट्टी नाही. दोन्ही कानांना मिळून १५ ते २० मिनिटं लागतात. त्याच वेळी ऍडेनॉइड काढायचे असतील तर वेळ वाढतो, आणि पुढचा खाण्यापिण्याचा सल्लाही वेगळा असतो. तो तुम्हाला स्वतंत्र कागदावर देऊ.

उपाशी ठेवण्याच्या वेळा

शस्त्रक्रिया रद्द होण्याचं नेहमीचं कारण हेच असतं. भूल दिल्यावर पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. "अर्धंच बिस्किट दिलं, उपाशी कसं ठेवायचं लेकराला" असं म्हणून दिलेलं अर्ध बिस्किटही धोक्याचं असतं. शस्त्रक्रिया सकाळी ८ वाजता असेल तर :

– जेवण, बिस्किट, गाईचं किंवा पावडरचं दूध : रात्री २ नंतर काहीही नाही. रात्रीचं जेवण नेहमीसारखं द्या.
– अंगावरचं दूध : पहाटे ४ पर्यंत.
– साधं पाणी : सकाळी ६ पर्यंत. त्यानंतर एक घोटही नाही, प्रवासातसुद्धा नाही.

६ च्या आधी मुलाला उठवून थोडं पाणी जरूर पाजा. चुकून काही खाल्लं गेलंच तर लपवू नका, भूलतज्ज्ञांना सांगा. वेळ पुढे ढकलता येते.

आदल्या आठवड्यात ताप, घरघर किंवा कफाचा खोकला असेल तर आधी फोन करा. अशा वेळी भूल दिली तर श्वासनलिका आवळण्याचा धोका वाढतो, म्हणून आम्ही तारीख काही आठवडे पुढे नेतो. नुसतं स्वच्छ पाण्यासारखं नाक वाहत असेल तर बहुधा अडत नाही, पण तो निर्णय भूलतज्ज्ञांचा. पावसाळ्यात तारीख बदलावी लागेल हे गृहीत धरूनच रजा टाका.

सकाळी ७ ला पोहोचा. सोबत फाइल, दोन्ही कानांच्या तपासण्यांचे रिपोर्ट, मुलाचं आधार कार्ड, एक जास्तीचा कपड्यांचा जोड आणि आवडतं खेळणं आणा. कॅशलेस विमा असेल तर कागदपत्रं किमान तीन दिवस आधी विमा डेस्ककडे द्या.

त्या दिवशी

मूल झोपेपर्यंत एकजण जवळ थांबू शकतो. तोंडावर मास्क धरून गॅसने झोपवतात, सलाईनची सुई त्यानंतर लागते. जागं होताना मूल अर्धा तास जोरजोरात रडू शकतं, हातपाय झाडतं, आईलाही ओळखत नाही असं वाटतं. हा भुलीचा परिणाम आहे, कानदुखी नाही. कडेवर घ्या, दिवे मंद ठेवायला सांगा. एखादी उलटी होऊ शकते. पाणी पचलं, लघवी झाली आणि मूल सावरलं की दुपारपर्यंत घरी.

दुखलं तर पॅरासिटामॉल पुरतं : प्रत्येक किलो वजनाला १५ मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, दिवसात चारदाच. बाजारात ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम आणि ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम अशा दोन्ही सिरप मिळतात, आणि बाटल्या सारख्याच दिसतात. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे पहिलीतून साडेसात मिलिलिटर, दुसरीतून साधारण साडेतीनच. लेबल वाचा, चमच्याऐवजी सिरिंजने मोजा. ऍस्पिरिन देऊ नका.

पहिले दोन-तीन दिवस कानातून गुलाबीसर पाणी येऊ शकतं. कुकरची शिट्टी, मिक्सर, रिक्षाचा हॉर्न यांनी मूल दचकेल. हे आवाज त्याला आता पूर्ण ऐकू येऊ लागले आहेत. शाळेत एक-दोन दिवसांनी पाठवा.

तेल आणि पाणी

कानात तेल घालायचं नाही. खोबरेल नाही, लसणीचं गरम तेल नाही, दुकानातून आणलेले मळ सैल करणारे थेंब किंवा पेरॉक्साइडही नाही. एरवी पडदा हे सगळं अडवतो. आता पडद्यात भोक आहे, त्यातून ते थेट मधल्या कानात जातं. डोक्याला तेल लावायला हरकत नाही, कानाच्या भोकाशी बोट नेऊ नका. आजीला हे प्रेमाने, पण स्पष्ट सांगा.

पहिले दोन आठवडे कान कोरडा ठेवा. डोक्यावरून आंघोळ घालताना व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी बसवा, आत खुपसू नका. त्यानंतर साध्या पाण्याची किंवा पावसाची फार भीती नाही. भोक इतकं बारीक असतं की पाणी सहज आत जात नाही. साबण आणि शाम्पूचं पाणी मात्र सहज झिरपतं, तेवढ्यासाठी बोळा पुढेही वापरा. पोहणं दोन आठवड्यांनी चालेल, पण सूर मारणं आणि तळाशी बुडी मारणं नको. मे महिन्यात गावच्या विहिरीत, नदीत किंवा समुद्रात डोकं बुडवणं टाळाच. विमानप्रवास चालतो, आणि ग्रोमेट मोकळं असेल तर कान दुखतही नाही.

कान वाहू लागला तर

सर्दीनंतर ग्रोमेटमधून पू येणं ही नेहमीची अडचण आहे. घाबरू नका, तोंडाने घ्यायचं अँटिबायोटिक स्वतःहून सुरू करू नका. आम्हाला दाखवा. बहुतेक वेळा सिप्रोफ्लॉक्सासिनचे थेंब ५ ते ७ दिवस पुरतात. घरात पडलेली जुनी बाटली वापरू नका : जेंटामायसिन किंवा निओमायसिन असलेले थेंब भोकातून आत गेल्यास नसेला इजा होऊ शकते.

बाटली मुठीत दोन मिनिटं धरून कोमट करा, गार थेंबांनी चक्कर येते. मुलाला कुशीवर झोपवा, बाहेरचा पू टिश्यूच्या वातीने टिपा. थेंब टाकल्यावर कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा चार-पाच वेळा दाबून सोडा. या दाबाने थेंब ग्रोमेटच्या पलीकडे जातात. हे राहिलं तर औषध बाहेरच साचतं आणि "थेंबांनी काही फरक नाही" असं वाटतं.

पुढे काय?

तीन-चार आठवड्यांनी तपासणी आणि ऑडिओमेट्री, मग दर सहा महिन्यांनी. पडदा वाढता वाढता ग्रोमेटला बाहेर ढकलतो. साधारण ६ ते १२ महिन्यांत ते आपोआप पडतं. मळात मिसळून येतं, बहुधा कोणाला दिसतही नाही. कधी ते चिकट पाण्याने बुजतं, कधी लवकर पडतं. पडल्यावर पाणी पुन्हा साठल्याने तीन-चार मुलांमागे एकाला दुसऱ्यांदा बसवावं लागतं. शंभरात एक-दोघांचं भोक बुजत नाही, ते नंतर शस्त्रक्रियेने बुजवता येतं. पडद्यावर पांढरा डाग राहू शकतो, त्याने ऐकण्यात सहसा फरक पडत नाही. दोन-तीन वर्षं न पडलेलं ग्रोमेट मात्र काढावं लागतं.

लगेच संपर्क करा : कानातून लाल रक्त थांबत नसेल, १०१ फॅरनहाइटच्या वर ताप असेल, कानामागे सूज येऊन कान पुढे झुकला असेल, तोंड वाकडं झालं असेल, मूल तोल जाऊन पडत असेल, किंवा थेंब घालूनही सात दिवसांनी पू येतच असेल. आमचा नंबर फाइलच्या पहिल्या पानावर आहे, तो रात्रीही उचलला जातो. श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा ओठ निळे पडले असतील तर फोन करत बसू नका, १०८ ची ॲम्ब्युलन्स बोलवा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.