पहिल्यांदा क्विलिंग करताना: दिवाळीचा दिवा आणि कार्डाची किनार

क्विलिंग म्हणजे कागदाच्या अरुंद पट्ट्या गुंडाळून केलेली नक्षी. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानांत क्विलिंगच्या पट्ट्या ३, ५ आणि १० मिलिमीटर रुंदीत मिळतात. पहिल्या वेळी ५ मिलिमीटरच्याच घ्या, ३ च्या पट्ट्या नवख्या बोटांत ठरत नाहीत. सोबत टोकाला चीर असलेली क्विलिंगची सुई, थोडा फेव्हिकॉल आणि चार टूथपिक. पट्ट्या बंद डब्यात ठेवा. पावसाळी हवेत कागद मऊ पडतो आणि मग गुंडाळी उलगडायलाच तयार होत नाही.

पट्टीचं टोक चिरेत अडकवा. एका हाताने सुई फिरवा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत पट्टी हलकेच ताणून धरा. कडा एकमेकींवर नीट बसायला हव्यात. त्या घसरल्या की मधूनच शंकू वर येतो. सुई काढून शेवट लगेच चिकटवलात की झाली घट्ट गुंडाळी. तिचे मोती होतात, फुलाचा मध्यही होतो.

खरी गंमत सैल गुंडाळीत आहे. सुईवरून काढून ती बाटलीच्या झाकणात ठेवा आणि हात काढा. कागद स्वतःच हळूहळू उलगडतो आणि झाकणाच्या कडेला टेकून थांबतो. पुढच्या सगळ्या गुंडाळ्या तेवढ्याच लांबीच्या पट्टीच्या करा आणि त्याच झाकणात उघडा. फुलाच्या पाकळ्या लहानमोठ्या दिसतात त्या इथल्या घाईमुळे. म्हणून चिमटे काढायच्या आधी सगळ्या गुंडाळ्या तयार ठेवा.

आता शेवट चिकटवा आणि आकार द्या. एका बाजूला चिमटा काढला की थेंब. समोरासमोर दोन चिमटे काढले की डोळा, तोच पानालाही चालतो. थेंबाचं टोक एका अंगाला वळवा, पैठणीच्या पदरावरची कोयरी तयार! दोन टोकं चिमटून मधली बाजू आत दाबली की चंद्रकोर होते.

दिव्यासाठी गडद लाल चंद्रकोर उघड्या बाजूने वर ठेवा, तिच्या खळग्यात पिवळा थेंब उभा करा. टोकाशी नारिंगी पट्टीचा वेढा दिलात तर ज्योत पेटल्यासारखी दिसते. दोरा ओवायला मागे कागदाचं कडं चिकटवा.

कार्डाच्या किनारीला मात्र पुढे ३ मिलिमीटरवर या, जाड नक्षी पाकिटात चेपते. आधी पेन्सिलीने फिकट रेघ मारा. चारही कोपऱ्यांत कोयऱ्या मांडून पाहा, मगच मधल्या जागेत पानं आणि मोती बसवा. कोपरे शेवटी ठेवले तर तिथे अर्धीच जागा उरते. फेव्हिकॉल टूथपिकच्या टोकावर मोहरीएवढाच घ्या, जास्त झाला की वाळल्यावर चकाकतो. कार्ड रात्रभर उघडंच वाळू द्या, पाकिटात सकाळी घाला.