या वर्षी ढाल कुणालाच नाही

सगळ्यांना नमस्कार. एल्लरिगू नमस्कार.

मागं फेटलिंगवाल्यांना ऐकू येतंय का? हात वर करा. मुद्दाम विचारते, कारण ग्राइंडरनं तुमचे कान अर्धे गेलेत आणि कानात प्लग घाला म्हणून मी वर्षभर सांगतेय. आज माइक हातात आहे तर पुन्हा सांगून घेते.

बाबा, सगळे मामा, काका, मावश्या, ताया आणि यंदाच आलेली ट्रेनी पोरं, आपल्या फाउंड्रीच्या वर्धापनदिनाच्या शुभेच्छा. आज रविवार आहे, भट्टी थंड आहे, आणि उद्यमबागेत इतकं शांत कधी असतं हे मलाही आजच कळलं.

आधी गेल्या वर्षाचं बोलते. याच मांडवात मी उत्कृष्ट विभागाची ढाल दिली होती. भट्टीला दिली. चांगल्या मनानं दिली, पण चुकलं. पुढं महिनाभर मोल्डिंगची माणसं भट्टीवाल्यांबरोबर चहाला बसत नव्हती. शेवटी मोल्डिंगच्या एका मामांनी मला गाठलं आणि म्हणाले, "ताई, लोखंड त्यांनी वितळवलं खरं, पण ओतलं कशात? वाऱ्यावर काय?"

त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणून या वर्षी ढाल नाही. नावंही घेणार नाही. एक नाव घेतलं की दहा राहतात, आणि राहिलेल्या दहा जणांच्या घरी रात्री काय बोलणं होतं ते मला नंतर कळतंच. जॉब आपल्या कारखान्यात ज्या वाटेनं फिरतो, त्याच वाटेनं मी आज फिरणार आहे. कोण आधी आणि कोण मागं हे मी ठरवलेलं नाही, त्या लोखंडानं ठरवलंय.

वाट सुरू होते पॅटर्न शॉपमध्ये. माणसं सगळ्यांत कमी आणि आवाजही कमी. बीड थंड होताना आटतं, म्हणून 100 मिलिमीटरच्या जॉबला पॅटर्न साधारण 1 मिलिमीटर मोठा करावा लागतो. तुमचा हा एक मिलिमीटर बरोबर आला तर पुढं कुणाला तो दिसतसुद्धा नाही. चुकला तर पुढच्या सगळ्या विभागांची मेहनत भंगारात. पुण्याच्या गिऱ्हाईकानं नोव्हेंबरमध्ये ऐनवेळी ड्रॉइंग बदललं, तेव्हा तुम्ही तीन रात्री जागून पॅटर्न दुरुस्त केलात. त्यातली एक रात्र लक्ष्मीपूजनानंतर लगेचची होती की काय, असं तुमच्या तोंडाकडं बघून वाटत होतं.

मग कोअर शॉप. इथं वाक्य मराठीत सुरू होतं आणि कानडीत संपतं, आणि मध्ये कुणाला काही अडत नाही. जॉबच्या आतली पोकळी ही तुमची कामगिरी. गंमत अशी की जॉब तयार झाला की तुमचा कोअर फोडून, झाडून टाकून देतात. आपलं काम फुटण्यासाठीच करायचं आणि तरी कड दुमडू द्यायची नाही, एवढं लक्ष मला स्वतःला जमलं नसतं. तिथं काम करणाऱ्या तायांनी वर्षभरात एकदाही, "हे चालतंय की," म्हणून तडा गेलेला कोअर पुढं सरकवलेला नाही.

आता मोल्डिंग. इथं मी जरा थांबणार आहे. मामांनी टाळ्या वाजवायची घाई करू नये, तुमच्याकडं झुकतं माप नाही. जुलैची गोष्ट सांगायची आहे, आणि ती सगळ्यांचीच आहे.

आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. खानापूरकडून येणारी पोरं तर रेनकोटासकट पाळीवर येतात. त्या पावसात पंप बॉडीचे 84 जॉब परत आले. वरून चकाचक, मशीनवर लावून पहिला कट मारला की आत भोकं. पहिले दोन दिवस काय चाललं होतं ते आठवा. भट्टी म्हणाली वाळू ओली. वाळूवाले म्हणाले कोअर ओले. कोअरवाल्या म्हणाल्या भट्टीचा माल गार झाला होता. क्वालिटी सगळ्यांवर चिडलेली आणि सगळे क्वालिटीवर. ऑफिस आपलं काचेआड बसून फोन उचलत होतं.

तिसऱ्या दिवशी एक जॉब आडवा कापून कँटीनच्या टेबलावर ठेवला आणि सगळ्या विभागांना त्याच्याभोवती बसवलं. पाण्याची वाफ होताना ते सोळाशे पटींहून जास्त फुगतं, हे आपल्या लॅबच्या मुलीनं चहाच्या किटलीवर बोट ठेवून समजावलं. तापलेल्या लोखंडासमोर एक थेंबसुद्धा भोक पाडायला पुरतो. मग एकेकानं आपली बाजू उघडी केली. वाळूच्या ढिगाऱ्यावर तिरका पाऊस येत होता. कोअर रात्रभर उघड्या रॅकवर राहत होते. भट्टीतून काढलेला माल साच्याची वाट बघत लॅडलमध्ये थांबत होता. वाळूतल्या ओलाव्याची तपासणी पाळीला एकदाच होत होती. म्हणजे दोन दिवस जे भांडत होते, ते सगळेच बरोबर होते. प्रत्येकाला आपला सोडून दुसऱ्याचा भाग दिसला होता, एवढंच.

आणि एक भाग कुणीच बोललं नाही, तो मी बोलते. मोल्डिंगच्या एका माणसानं वाळू मुठीत दाबून मला दाखवली होती. "ताई, बघा की ओ, हाताला चिकटालीय. आज नको," असं तो म्हणाला होता. मला गिऱ्हाईकाचे दिवसाला चार फोन येत होते. मी म्हणाले, चालवा. ते 84 जॉब माझ्या त्या एका शब्दाचे आहेत. तेव्हा कुणी मला तोंडावर ऐकवलं नाही, हा तुमचा मोठेपणा. पुढच्या वेळी ऐकवा.

त्यानंतर काय झालं ते भिंतीवरच्या तक्त्यावर आहे. कोअर बंद खोलीत गेले, ढिगाऱ्याला ताडपत्री आली, तपासणी दर दोन तासांनी सुरू झाली, भट्टी आणि मोल्डिंगनं घंटा ठरवून घेतली. ऑगस्ट-सप्टेंबरचा पाऊस काही कमी नव्हता, पण जॉब परत आले नाहीत.

आता भट्टी. तुम्हाला वाटेल, गेल्या वर्षी ढाल दिली म्हणून ताई यंदा हात आखडता घेणार. तसं नाही. मे महिन्यातल्या वळवाची संध्याकाळ मी विसरलेले नाही. वारं सुटलं, वीज गेली, आणि भट्टीत अर्धा टन माल. कॉइलला पाणी थांबलं की कॉइल गेली, आणि माल आत गोठला तर भट्टीच गेली. तुम्ही अंधारात, टॉर्चच्या उजेडात माल काढून पिगच्या साच्यांत ओतलात. पण वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडायला जिन्यानं धावत कोण गेलं? मेंटेनन्स. डिझेल पंप एका दमात का सुरू झाला? कारण मेंटेनन्सनं तो दर शनिवारी चालवून बघितला होता, कुणी विचारत नसताना. त्या पंधरा मिनिटांत कारखाना कोणी वाचवला हे ठरवायला बसलो तर पुन्हा चहा बंद होईल. म्हणून दोघांचे आभार एकाच वाक्यात: भट्टी आणि मेंटेनन्स, तुमच्यामुळं आज हा मांडव आहे.

फेटलिंग. आपल्या कारखान्यातलं सगळ्यांत धुळीचं, सगळ्यांत आवाजाचं काम. जॉब तुमच्याकडं येतो तेव्हा काळा, खरबरीत, रनर-रायझर लोंबकळत असलेला, आणि तुमच्याकडून जातो तेव्हा गिऱ्हाईकाला दाखवण्यासारखा. पाहुणे आले की आम्ही त्यांना भट्टी दाखवतो, ठिणग्यांचे फोटो काढू देतो, आणि फेटलिंगच्या दारावरून पुढं नेतो. हे बरोबर नाही. तुमची तक्रार धुळीची आहे, आणि ती आभारानं मिटणारी नाही. धूळ ओढणाऱ्या दुसऱ्या युनिटची ऑर्डर शुक्रवारी गेली आहे. मार्चअखेर बसलं नाही तर मला अडवा.

क्वालिटी आणि लॅब, तुमचं काम नाही म्हणायचं. नाही म्हणणारा माणूस लग्नातसुद्धा कुणाला आवडत नाही. जुलैनंतर तुम्ही मलाही दोनदा नाही म्हणालात. दोन्ही वेळा बरोबर होतात, दुसऱ्या वेळी मला थोडा राग आला होता, तेही सांगून टाकते.

स्टोअर, डिस्पॅच आणि ड्रायव्हर मंडळी. घाटात गाडी अडकली तरी फोनवर तुमचा पहिला शब्द, "माल नीट आहे," हाच असतो. स्वतः जेवलात का हे आम्ही विचारायला हवं, ते आम्ही विचारत नाही.

गेटवरचे दोघे, झाडलोट करणाऱ्या मावश्या, कँटीन. जॉबच्या वाटेवर तुमचा विभाग नाही, म्हणून तक्त्यावरही तुमचा रकाना नव्हता. या महिन्यापासून आहे. मावशींनी नॉकआउटजवळ सांडलेलं तेल बघून आधी लोकांना थांबवलं आणि मग पुसलं, ते मी वरच्या खिडकीतून बघितलंय. कँटीनच्या काकूंना एवढंच, की तिसऱ्या पाळीला रात्री दोन वाजता "ऊट आतेनरी?" म्हणून कुणीतरी जेवणाचं विचारतं, यावर निम्मा कारखाना चालतो.

राहिलं ऑफिस. मी ऑफिसचीच, म्हणून आमचं शेवटी आणि एका वाक्यात: पगार एकदाही सात तारखेच्या पुढं गेला नाही, ठीक काम केलंत.

घरच्या मंडळींनाही बोलावलंय ते उगाच नाही. रोप लावणीच्या दिवसांत आणि सुगीत तुमच्या घरची माणसं इथं होती आणि शेतावर तुम्ही एकट्या होतात. येत्या सुगीसाठी रजेची पाळी आम्ही सप्टेंबरमध्येच लावतोय, म्हणजे मळणीच्या आदल्या दिवशी कुणाची आजी पुन्हा आजारी पडायला नको. त्या एका आजी गेल्या चार वर्षांत सहा वेळा आजारी पडल्यात, देव त्यांना उदंड आयुष्य देवो.

बाबा बोलणार नाही म्हणालेत. त्यांचा निरोप एवढाच आहे की त्यांनाही वाळू मुठीत दाबून बघता येते, आणि ते अधूनमधून बघायला येणार आहेत.

आता जेवणाचं. कुंद्याचा डबा प्रत्येकाला अर्ध्या किलोचा, गेटपासून बाबांपर्यंत सारखाच. जाताना घ्या, दोन घेऊ नका, मोजलेत. खानापूर आणि बैलहोंगलच्या बसेस धरणारे पहिल्या पंगतीला बसतील. बाकीच्यांच्या विभागवार चिठ्ठ्या टाकल्यात, त्या लॅबमधली ट्रेनी मुलगी उचलेल, कारण ती आठ दिवसांपूर्वीच आली आहे आणि अजून कुणाच्या बाजूची नाही. वाढायला आम्ही ऑफिसवाले. आमटीची बादली माझ्याकडं आहे.

उद्या झेंडावंदन सकाळी आठला. भट्टी मंगळवारी पहिल्या पाळीला पेटेल.