फ्रेंच शिक्षिका झाल्याबद्दल अभिनंदन

गुहागर

चि. सोनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

डेल्फ बी-२ उत्तीर्ण होऊन तू फ्रेंचची शिक्षिका म्हणून रुजू झालीस, ही वार्ता कळताच आजीने देवापुढे साखर ठेवली आणि मागाहून तीच वाडीभर वाटली. अभिनंदन तुझ्याच फ्रेंचमध्ये करावे, असे मनात होते. परंतु हे कार्ड आजी प्रथम वाचून घेणार असल्याने मराठीही सोबत दिले आहे.

‘क तू ते व्ह स रेआलीझ’: तुझ्या साऱ्या मनोकामना पूर्ण होवोत. ‘क ला ज्वा ताकोंपान्य’: आनंद सदैव तुझ्या सोबतीला असो. ‘प्युइस स त्राव्हाय त रांद्र अरझ’: हे काम तुला सुख देवो, आणि (हे मूळ फ्रेंचात नाही, आजीने घालायला लावले) पगार वेळेवर मिळो. ‘क द्य त बेनीस’: देव तुझे कल्याण करो, इथे आजीने ‘देव’ खोडून ‘व्याडेश्वर’ लिहायला सांगितले, ते मी मान्य केले आहे.

‘व्हीव्ह ला प्रोफेसर!’ अर्थात, आमच्या बाईंचा विजय असो!

सोबत आंबापोळी व कोकमे पाठवीत आहे.

तुझी,
आत्या