दर शनिवारी मळ्यातली ताजी भाजी आणि फळं घरपोच

नमस्कार मंडळी,

भेकराईनगर, फुरसुंगी आणि उरुळी देवाची इथल्या घरांसाठी हा निरोप आहे. दिवे गावात (ता. पुरंदर) आमचा मळा आहे. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारपासून घाट उतरून भाजी-फळांची पाटी थेट तुमच्या दारात आणून देऊ. सुरुवातीला फक्त 40 घरं घेणार आहोत. तेवढ्यांनाच पुरेल एवढी लागवड आहे आणि बाजारातून माल उचलून पाटी भरायची नाही.

लहान पाटी (2-3 माणसं), ₹380: पालेभाजीच्या 2 जुड्या, 4 फळभाज्या प्रत्येकी अर्धा किलो, कोथिंबीर, मिरची, 4 लिंबं आणि 1 किलो फळ.

मोठी पाटी (4-6 माणसं), ₹620: 3 जुड्या, 5 फळभाज्या (त्यातल्या दोन एकेक किलो), कोथिंबीर, मिरची, 6 लिंबं आणि 2 किलो फळ.

पैसे चार आठवड्यांचे आगाऊ, म्हणजे ₹1520 किंवा ₹2480. पोच करण्याचे वेगळे पैसे नाहीत. दर मार्चअखेरपर्यंत हाच राहील. टोमॅटो बाजारात महागला तरी तुम्हाला जास्त पडणार नाही आणि स्वस्त झाला तर आमचा हंगाम तरेल. कांदा-बटाटा पाटीत नसतो, तो तुमचा तुम्ही घ्यायचा.

थंडीत मेथी, पालक, शेपू, चाकवत, हरभऱ्याचा पाला, वांगी, फ्लॉवर, गाजर, मुळा, पावटा आणि वाटाणा मिळेल. भोगीच्या आठवड्यात पाटी आदल्या दिवशी येईल, भाजीचं सगळं सामान एकत्र. एप्रिल-मेमध्ये पाणी कमी पडतं, तेव्हा पालेभाजी एका जुडीवर येते आणि तिच्याऐवजी गवार, काकडी, दोडका वाढवून देऊ. फळांत पेरू आणि पपई असेल, डिसेंबर-जानेवारीत खट्टा बहाराचं अंजीर आणि मार्चनंतर मीठा बहाराचं. सीताफळ आता संपत आलंय, ते पुढच्या पावसाळ्यात.

अंजिराबद्दल जरा सविस्तर सांगतो. झाडावरून तोडल्यावर ते पुढे पिकत नाही, म्हणून पिकलेलंच तोडावं लागतं आणि मग फार टिकत नाही. शनिवारीच खा, उरलं तर न धुता एका थरात फ्रिजमध्ये ठेवून रविवारी संपवा. अंजिराच्या दिवसांत किलोऐवजी लहान पाटीत अर्धा आणि मोठीत एक किलो येईल.

पालेभाजी शुक्रवारी ऊन उतरल्यावर काढतो, फळभाजी आणि अंजीर शनिवारी पहाटे. सकाळी 7 ते 9.30 मध्ये पोच. पालेभाजी आम्ही धुऊन देत नाही, कारण ओली जुडी बांधली की आतून सडते. थोडी माती असेल. तुम्हीही शिजवायच्या वेळीच धुवा. तोवर मुळं कापून सुती फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. पिकलेली पपई आणि टोमॅटो पालेभाजीपासून लांब ठेवा, नाहीतर पानं लवकर पिवळी पडतात.

फवारणीबद्दल स्पष्ट सांगितलेलं बरं. आमच्याकडे सेंद्रिय प्रमाणपत्र नाही. निंबोळी अर्क, दशपर्णी, चिकट सापळे आणि वांग्याला कामगंध सापळे वापरतो. त्यानं रोग-किडी आवरल्या नाहीत तर औषध मारावं लागतं. मग लेबलवर दिलेले दिवस पूर्ण होईपर्यंत त्या वाफ्यातला माल कुणाच्याच पाटीत जात नाही, त्या आठवड्यात दुसरी भाजी मिळेल. पानांना भोकं आणि एखाद्या वांग्यात अळी निघू शकते. अळीचं वांगं, चेपलेलं किंवा सडलेलं फळ निघालं तर त्याच दिवशी फोटो पाठवा, पुढच्या पाटीत तेवढं जास्त देऊ.

न आवडणाऱ्या दोन भाज्या आधीच कळवून ठेवा, त्या कधीच येणार नाहीत. गावाला जाणार असाल तर बुधवारी रात्री 8 पर्यंत सांगा, तो आठवडा पुढे सरकेल. गुरुवारी तोडणीची यादी होते, त्यानंतर पाटी रद्द करता येणार नाही. माल क्रेटमध्ये येतो, पुढच्या शनिवारी रिकामा क्रेट परत द्यायचा. त्यासाठी ₹200 अनामत, बंद केल्यावर परत. सोसायटीत गेटवर नोंद लागत असेल तर शुक्रवारीच वॉचमनला सांगून ठेवा, गाडी अडकली की पुढच्या सगळ्या घरांना उशीर होतो.

आधी पारखून बघायचं असेल तर एकच पाटी त्याच दरात घ्या, आगाऊ आणि अनामत काही नको.

पाटी हवी असल्यास याच नंबरवर एवढं पाठवा: नाव, सोसायटी-इमारत-फ्लॅट, लहान की मोठी, नको असलेल्या दोन भाज्या. पहिल्या शनिवारची पाटी हवी असेल तर त्याआधीच्या बुधवारपर्यंत कळवा.

दिवे, ता. पुरंदर