मोडी वर्गाच्या पत्रकासाठी परिचय : तुझ्या सूचनांनंतरचा खर्डा

वाई, शुक्रवार

प्रिय मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

वाचनालयाच्या दहा दिवसांच्या मोडी वर्गासाठी मी लिहिलेला परिचय वाचून तू फोनवर म्हणालीस, ‘यातला मोडी हा शब्द काढून तिथे योगासने घातली तरी काहीच बिघडणार नाही.’ ऐकताना वाईट वाटले, हे तुझ्यापासून लपवत नाही. रात्री मात्र तो मजकूर पुन्हा काढला आणि तू म्हणालीस तसे खरोखरच करून पाहिले. पहिला खर्डा असा होता :

‘इतिहास आणि आपला समृद्ध वारसा यांविषयी लहानपणापासून ओढ. गेली अनेक वर्षे मोडी लिपीच्या जतनासाठी व प्रसारासाठी कार्यरत. हजारो ऐतिहासिक कागदपत्रांचे लिप्यंतर. अचूकता आणि सचोटी यांना सदैव प्राधान्य. हा अमूल्य ठेवा नव्या पिढीपर्यंत पोहोचवण्याचा ध्यास.’

तुझी पहिली सूचना होती की, दुसऱ्या कुणाविषयी जसेच्या तसे लिहिता येईल असे प्रत्येक वाक्य खोडावे. ओढ, वारसा, ध्यास, सचोटी हे सगळे गेले आणि ‘मोडी’ व ‘लिप्यंतर’ एवढे दोनच शब्द उरले. ‘हजारो’ हा शब्द ठेवावा असे मला वाटत होते, म्हणून खात्रीसाठी 2011 पासूनची नोंदवही काढून बसले. नोंदी 1,340 निघाल्या. हजारो म्हणण्याइतक्या त्या नाहीत, आणि त्यातले निम्म्याहून अधिक कागद ज्यांना आपण ऐतिहासिक म्हणतो तसे मुळीच नाहीत. ते फेरफार आहेत, वाटणीपत्रे आहेत, गहाणखते आहेत, कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यानंतरची दोन वर्षे तर या शेवटच्या प्रकारानेच भरलेली आहेत. इतकी वर्षे मी स्वतःला इतिहासाची अभ्यासक म्हणवत आले, पण माझ्या दारात येणारी माणसे घरच्या जमिनीसाठी आणि पणजोबांच्या नावासाठी येतात, हे माझ्याच वहीने मला सांगितले. तू तो शब्द खोडायला लावला नसतास तर मी वही उघडलीच नसती.

दुसऱ्या फोनवर तू एवढेच विचारलेस, ‘गेल्या आठवड्यात कोण आले होते?’ जावळी तालुक्यातले दोघे भाऊ आले होते. त्यांच्याजवळ आजोबांच्या पेटीत सापडलेले वाटणीपत्र होते, आणि जिथे जमिनीचे माप लिहिलेले होते नेमक्या तिथेच कागदाची घडी फाटलेली होती. मी हा प्रसंग परिचयात घातला. त्याच्या जोडीला सुहूर सन, फसली सन, बिघे, पांड, बोरूचे वळण, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन मोडीतला फरक, असे माहीत असलेले सगळेच घातले. तो दुसरा खर्डा तुझ्याकडे आहेच, म्हणून इथे उतरवत नाही. त्यावर तू म्हणालीस की, आता माणूस दिसतो, पण अनोळखी वाचक तिसऱ्या ओळीवर थांबेल. शिवाय हे पत्रक कागद घेऊन येणाऱ्यांसाठी नसून वर्गाला यावे की न यावे या विचारात असलेल्यांसाठी आहे.

ही सूचना मला सर्वांत उपयोगी पडली. वर्गाला येणाऱ्याच्या मनातली शंका मला ठाऊक आहे, कारण दरवर्षी पहिल्या दिवशी ती कुणीतरी विचारतेच : ‘इतिहासाचा अभ्यास नसताना हे जमेल का?’ अक्षरे थोड्या दिवसांत ओळखू येतात. खरी अडचण त्यानंतर येते. मोडीत आधी शिरोरेषा ओढून तिच्याखाली सलग लिहीत जातात, दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद राखलेला नसतो, त्यामुळे ‘दिन’ की ‘दीन’ हे मागचापुढचा मजकूर पाहूनच ठरवावे लागते. याकरिता सराव आणि धीर लागतो, पदवी लागत नाही, हे परिचयातूनच कळले पाहिजे असे मी ठरवले आणि सनावळी व लिपीचे कालखंड काढून टाकले. ते वर्गात शिकवता येतील.

एका सूचनेशी मात्र मी सहमत नाही. जो शब्द लागत नाही तिथे मी अंदाज लिहीत नाही, टिंबे देते, हे वाक्य तू वगळायला सांगितलेस, कारण पत्रकात उणीव कशाला सांगायची. माझ्या दृष्टीने ती उणीव नाही. एका बिघ्याचे वीस पांड होतात. पांडांच्या जागी बिघे वाचले गेले तर एका भावाचा हिस्सा कागदावर वीसपट होतो, आणि माझे लिप्यंतर पुढे वकिलाच्या हातात जाते. पहिल्या खर्ड्यात ‘अचूकता’ हा शब्द लिहून मला जे सांगायचे होते ते हेच होते. तो शब्द गेला, तेव्हा त्याच्या जागी ही सवय राहायलाच हवी. तुझ्या बोलण्यातले एवढे घेतले की, ते वाक्य आरंभी न ठेवता मध्यावर आणले.

परिचय तृतीयपुरुषी असावा असे वाचनालयाचे म्हणणे होते. चिटणिसांना विचारून मी ‘मी’ ठेवण्याची परवानगी मिळवली आहे, कारण ‘त्या कार्यरत आहेत’ असे लिहायला लागले की माझी लेखणी आपोआप पहिल्या खर्ड्याकडे वळते. आता झालेला मजकूर असा :

‘मी वाईत राहते आणि लोकांच्या घरातले मोडी कागद बाळबोधीत उतरवून देते. 2011 पासून असे 1,340 कागद वाचले. त्यांत पेशवाईतली पत्रे थोडी आणि वाटणीपत्रे, गहाणखते, फेरफार, जन्म-मृत्यूच्या नोंदी अधिक आहेत. जो शब्द लागत नाही तिथे मी अंदाज लिहीत नाही, टिंबे देते, आणि त्या जागा कागद आणणाऱ्याला बोट ठेवून दाखवते. मोडी शिकायला इतिहासाची पदवी लागत नाही. अक्षरे लवकर ओळखू येतात. सलग लिहिलेली ओळ कुठे तोडायची हे कळायला वेळ लागतो, म्हणून वर्गाचे दहापैकी सात दिवस आपण फक्त खरे कागद वाचणार आहोत. तुमच्या घरात असा एखादा कागद असेल तर मूळ प्रत घरीच ठेवा आणि तिचे स्वच्छ छायाचित्र घेऊन या.’

शेवटचे वाक्य सूचनेसारखे झाले आहे आणि परिचयात ते शोभेल का, अशी मला शंका आहे. परंतु गेल्या वर्षी एक आजी नव्वद वर्षांपूर्वीचे खत पिशवीत दुमडून घेऊन आल्या आणि वर्गात उलगडताना ते दोन ठिकाणी फाटले, म्हणून ते काढायला मन होत नाही. त्याविषयी तुझे मत कळव. मजकूर सोमवारी दुपारपर्यंत छपाईला द्यायचा आहे, तेव्हा रविवारी रात्री फोन केलास तरी चालेल.

तुझी,
वाईची मैत्रीण