विषय: हापूस विक्री संकेतस्थळ – कामाची सुरुवात

मा. दळवी साहेब,

सस्नेह नमस्कार.

देवगडच्या आपल्या बागेच्या संकेतस्थळाचे काम आम्ही सोमवारपासून सुरू करीत आहोत. आंबा कोणासाठी थांबत नाही, म्हणून फेब्रुवारीअखेर मागणी नोंदवता येईल अशा बेताने आखणी केली आहे.

आमच्याकडून समन्वय मी पाहीन, मांडणी आणि तांत्रिक बाजू माझे दोन सहकारी सांभाळतील. आपल्याकडून अंतिम शब्द कोणा एकाचाच असावा, अशी विनंती आहे. घरातील सर्वांची मते जरूर घ्यावीत, परंतु ती आपल्यामार्फत एकत्रितच यावीत, कारण वेगवेगळ्या सूचनांनी केलेले काम पुन्हा उसवावे लागते.

दर मंगळवारी सकाळी ११ वाजता फोनवर अर्धा तास बोलू आणि त्याच दिवशी ठरलेले मुद्दे ईमेलने पाठवू. व्हॉट्सअ‍ॅप केवळ तातडीपुरते. मंजुरी मात्र ईमेलवरच ग्राह्य धरू.

मांडणी, मजकूर आणि पैसे भरण्याची चाचणी या तीन टप्प्यांवर आपली लेखी संमती लागेल. प्रत्येक टप्प्यास तीन कामाचे दिवस धरले आहेत. उत्तरास उशीर झाल्यास पुढील तारखा तितक्याच सरकतील. संमतीनंतरच्या बदलांचा खर्च आधी कळवू.

सर्वप्रथम पेटीचे आकार व दर, बागेची छायाचित्रे, बँकखात्याचा तपशील आणि भौगोलिक मानांकनाचे अधिकृत वापरकर्ता प्रमाणपत्र शुक्रवारपर्यंत पाठवावे. प्रमाणपत्राविना ‘देवगड हापूस’ हे शब्द ठळकपणे वापरणे मला योग्य वाटत नाही.

आपला नम्र,
मंदार सावंत
प्रकल्प समन्वयक, कणकवली