वरच्या मजल्याचे काम संपेपर्यंत भाडे कमी करण्याबाबत विनंती

फोंडा, 3 फेब्रुवारी 2025

आदरणीय नाईक काका,

स.न.वि.वि.

वरच्या मजल्याचं काम 15 जानेवारीपासून चालू आहे. घर जुनं आहे, दुरुस्ती व्हायलाच हवी, त्याबद्दल तक्रार नाही. पण सध्या तळमजल्यावर पूर्ण भाड्याइतकं घर आम्हाला वापरायला मिळत नाही, म्हणून हे पत्र.

मागच्या बेडरूमच्या बरोबर वर तुमची न्हाणी फोडली आहे. जुनं वॉटरप्रूफिंग निघाल्यामुळे गवंड्याने वापरलेलं पाणी स्लॅबमधून झिरपतं आणि ब्रेकरच्या हादऱ्याने ओलं प्लास्टर सुटतं. पंख्याच्या हुकाजवळ ताटाएवढी खपली पडली आहे. पंख्याची वायर तिथूनच जाते, म्हणून त्या खोलीचा स्विच बंद करून खाट हॉलमध्ये आणली आहे. फोटो सोबत जोडले आहेत.

ब्रेकर सकाळी नऊला सुरू होतो, तो संध्याकाळी सहापर्यंत. दुपारीही उसंत नसते. माझं काम घरून, फोनवरचं, मुलगी दहावीला. शिवाय दहा ते एक पाणी बंद असतं.

भाडं 16,000 रुपये आहे. दोन बेडरूमपैकी एक बंद, त्याचे 4,000 आणि आवाज व पाण्याचे 2,000, असे महिना 6,000 कमी करावेत. जानेवारीचं भाडं पूर्ण दिलं आहे. त्यातल्या अर्ध्या महिन्याचे 3,000 फेब्रुवारीत वळते करावेत. म्हणजे फेब्रुवारीचे 7,000 आणि मार्चपासून 10,000. खोली दुरुस्त झाली की त्या दिवसापासून 4,000 परत धरा, फोडाफोड संपली की 2,000. अधल्यामधल्या तारखेला झालं तर दिवसांप्रमाणे हिशेब करू. तुमच्या होकाराशिवाय मी भाडं कापणार नाही आणि डिपॉझिटला हात लावायला सांगत नाही.

काही गोष्टी कमी खर्चात होतील. ब्रेकर दहा ते एक आणि तीन ते पाच एवढाच चालवावा. टाकीवरून उतरणाऱ्या दोन्ही लाइनी एकाच वॉल्ववर आहेत. वरच्या लाइनीला वेगळा बॉल वॉल्व बसवला तर आमचं पाणी तोडावं लागणार नाही. लादी पाणी मारत कापली तर धूळ बसते. न्हाणीत नवी लादी घालण्याआधी वॉटरप्रूफिंगवर चोवीस तास पाणी भरून ठेवायला सांगा आणि तेव्हा खाली येऊन आमचं छत बघा. लादी बसल्यावर गळती कळली तर ती पुन्हा फोडावी लागेल, आणि तो खर्च तुमच्याच माथी.

छताचं सैल प्लास्टर मात्र याच आठवड्यात ठोकून काढायला हवं. ते कुणाच्या डोक्यावर पडलं तर भाड्याचा प्रश्न मागेच राहील.

रविवारी काम बंद असतं. सकाळी अकराला येऊन खोली पाहाल का? भाड्याचं जे ठरेल ते व्हॉट्सॅपवर लिहून पाठवलंत तरी पुरे.

काकींना नमस्कार.

आपली,
सौ. गावकर
तळमजला